चार दांड्या आणि दोन कोऱ्या चौकटी

एप्रिल २०२३ मध्ये नववीचा निकाल लावत असताना आमच्या कारकून काकांनी हजेरीपट माझ्यापुढे सरकवला. दोन तुकड्या मिळून जूनमध्ये पटावर ११२ मुलं होती. त्यातल्या १९ नावांपुढे लाल शाईचा शेरा होता. काका म्हणाले, "बाई, ह्यातली सहा दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेलीत. बाकीची नुसतीच गेलीत."

बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी गणित शिकवते. मुलं जातात हे आम्हाला नवं नाही. तोवर आठवीपर्यंत कुणाला नापास करत नव्हते, त्यामुळे अभ्यासात किती मागे पडलोय हे मुलाला आणि घरच्यांना पहिल्यांदा कळायचं ते नववीत. शिवाय नववीतलं मूल कामाचं झालेलं असतं. पण १३ हा आकडा समोर आला आणि माझ्या लक्षात आलं, की यातल्या जवळजवळ प्रत्येकाबद्दल मी नंतर म्हटलं होतं, "हो, तो येईनासा झालाच होता." नंतर म्हणण्यात काय अर्थ? हजेरी रोज घेतली जाते, माझ्या वहीत दर पंधरवड्याच्या चाचणीचे गुण असतात. या दोन गोष्टी जोडून आधी सांगता येतं का, हे बघायला मी त्या मे महिन्याच्या सुट्टीत बसले.

पहिलं काम वाटलं होतं तितकं सोपं निघालं नाही. "गेलेलं मूल" म्हणजे नेमकं कोण? दाखला नेलेली सहा मुलं दुसऱ्या शाळेत खरोखर दाखल झाली होती, हे काकांनी त्या शाळांना फोन करून पक्कं केलं. ती बाजूला काढली. तीन मुलांची नावं मार्चपर्यंत पटावर होती, पण ती वार्षिक परीक्षेला बसलीच नव्हती. ती मी गेलेल्यांत धरली. अशी १०६ पैकी १३.

मग हजेरी एक्सेलमध्ये भरली. हजर म्हणजे १, गैरहजर म्हणजे ०. सगळं भरायला पाच दुपारी गेल्या. गुण मात्र घटक चाचणीचे घेऊन भागेना. पहिली घटक चाचणी ऑगस्टमध्ये, त्यानंतर थेट ऑक्टोबरात प्रथम सत्र परीक्षा. मूल सप्टेंबरात घसरायला लागलं तर घटक चाचणीला त्याचा पत्ताच नसतो. माझी शनिवारची दहा गुणांची चाचणी मात्र दर पंधरा दिवसांनी होते आणि त्या वर्षी सप्टेंबरअखेरपर्यंत सात झाल्या होत्या. "अलीकडचे गुण" म्हणजे त्यातल्या शेवटच्या तीन, असं ठरवलं.

पहिला नियम मी दहा मिनिटांत लिहिला: हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली आणि गुण पस्तीसच्या खाली. लावून बघितला तर १५ नावं आली आणि त्यात गेलेल्या तेरापैकी बारा होती! मला इतका आनंद झाला की मी रात्री साडेदहाला आमच्या इंग्रजीच्या मॅडमना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ही नावं तुला कधी दिसली असती?"

मी गप्प. हजेरी मी जून ते एप्रिल अशी अख्ख्या वर्षाची धरली होती. जो मुलगा नोव्हेंबरात गेला, त्याच्या नावापुढे नोव्हेंबर ते एप्रिल शून्यच शून्य. त्याची वर्षाची हजेरी ७५ च्या खाली जाणारच. माझा नियम मुलगा जाणार आहे हे सांगत नव्हता, तो गेलाय हे सांगत होता. ते काकांच्या लाल शाईनेही सांगितलं होतं. असा नियम कागदावर नेहमी झकास दिसतो, कारण उत्तर त्याच्याच पोटात असतं. आकडे फारच सुंदर आले, की आधी हीच शंका घ्यायची, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं.

म्हणून एक तारीख गोठवली: शुक्रवार, ३० सप्टेंबर २०२२. त्या दिवशी संध्याकाळी मला जेवढं माहीत असतं, तेवढ्यावरच नियम चालवायचा, आणि दसऱ्यानंतर काय झालं याच्याशी ताडून बघायचं. ही तारीख का, तर आमच्याकडे दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या हलायला लागतात आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग बदललेला असतो. तेरातली दोन मुलं त्या तारखेआधीच यायची बंद झाली होती. त्यांना वगळलं. उरली १०४ मुलं, त्यातली ११ पुढे जाणार होती. जूनपासूनची एकूण हजेरी ७५ च्या खाली, हा साधा नियम या तारखेला लावला तर सात नावं आली, त्यातली तीनच बरोबर. म्हणजे अकरातली आठ मुलं नियमाच्या लेखी नियमित होती.

मग वाटलं, दोन्ही एकत्र करू. हजेरीची टक्केवारी अधिक गुणांची टक्केवारी, भागिले दोन, आणि साठच्या खाली आलं की यादीत नाव. अनेक जण असंच करतात, मीही केलं. वीस नावं आली, पाच बरोबर. का चुकतंय ते बघायला मी दोन मुलांच्या ओळी शेजारी शेजारी ठेवल्या.

पहिला एक मुलगा. जूनपासून ८५ कामाचे दिवस झाले होते, त्यातले ७३ दिवस तो आला होता. म्हणजे ८६ टक्के, चांगली हजेरी. शेवटच्या तीन चाचण्यांत त्याची सरासरी ७० टक्के. बेरीज करून निम्मी केली तर ७८. नियम म्हणतो, काळजी नको. हा मुलगा नोव्हेंबरात तालुक्याच्या गावी गॅरेजवर कामाला लागला.

दुसरी एक मुलगी. हजेरी ९६ टक्के. चाचण्यांत दहापैकी २, ३, २, म्हणजे २३ टक्के. बेरीज निम्मी केली तर ५९.७. नियम म्हणतो, धोका! ही मुलगी वर्षभर रोज आली, पहिल्या बाकावर बसली आणि वार्षिक परीक्षेत काठावर पास झाली. तिला गणिताची मदत हवी होती, तिच्या घरी जाऊन मी कुणाला काय सांगणार होते?

मुलाची ओळ मी पुन्हा उलगडून बघितली. बारा दांड्यांपैकी आठ शेवटच्या २० दिवसांत होत्या. आधीच्या ६५ दिवसांत फक्त चार. जून-जुलैची भरघोस हजेरी सप्टेंबरची पडझड झाकून टाकत होती. वर्ष जसं पुढे सरकतं तशी ही एकूण टक्केवारी जड होत जाते, आणि आज घडलेलं त्यात दिसायला महिना लागतो. तेव्हा हजेरी मोजायची ती फक्त शेवटच्या २० दिवसांची, आणि तीही टक्क्यांत न सांगता दांड्यांत सांगायची. "आठ दांड्या" म्हटलं की वर्गशिक्षकाला लगेच कळतं, "६० टक्के" म्हटलं की तो मान डोलावतो आणि विसरतो.

आणि ते ७० टक्के? त्याची गंमत आणखी वाईट होती. शेवटच्या तीनपैकी एकच चाचणी त्याने दिली होती, तिच्यात ७ गुण. बाकी दोन दिवस तो आलाच नव्हता, म्हणून मी चौकटी कोऱ्या ठेवल्या होत्या. एक्सेलचं AVERAGE कोऱ्या चौकटी सोडून देतं. तीनपैकी दोन चाचण्या बुडवणारा मुलगा त्यामुळे वर्गातल्या हुशार मुलांत जाऊन बसला होता. मग कोऱ्या जागी शून्य घालावं का? तेही करून बघितलं. एकदा तापाने घरी राहिलेली मुलं लगेच ढ ठरायला लागली. शून्य मिळणं आणि न बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एका आकड्यात कोंबल्या की दोन्ही हरवतात. म्हणून बुडवलेल्या चाचण्या वेगळ्या मोजायच्या ठरवल्या. तीनपैकी दोन कोऱ्या, हीच एक खूण.

नंतर कळलं की बेरीज न करण्याची ही वाट आधीही कुणी चालून गेलं आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या शाळांवर रॉबर्ट बालफान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. सहावीत ८० टक्क्यांहून कमी हजेरी, किंवा गणितात नापास, किंवा इंग्रजीत नापास, अशा खुणा त्यांनी एकेकट्या धरल्या, त्यातली एकही पुरेशी मानली. त्यांचा ८० चा आकडा मात्र मला उचलता आला नाही, कारण तो अख्ख्या वर्षाचा होता आणि मला सप्टेंबरात बोलायचं होतं.

आता नियमाचा घाट हळूहळू तयार झाला. हजेरी आधी, गुण नंतर. दांड्या फारच असतील तर गुण बघायचेच नाहीत. दांड्या मध्यम असतील तर गुणांना विचारायचं. दांड्या नसतील तर कितीही कमी गुण असोत, ते नाव माझ्या जादा तासाच्या यादीत, घरभेटीच्या यादीत नाही. त्या पहिल्या बाकावरच्या मुलीचा प्रश्न असा सुटला.

प्रश्न राहिला "फारच" आणि "मध्यम" म्हणजे किती. मी दांड्यांचा उंबरठा वर-खाली करून दर वेळी दोन आकडे लिहीत गेले: यादीत किती नावं येतात आणि त्यातली किती खरंच गेली. मधला उंबरठा तीन दांड्यांवर ठेवला तर ३१ नावं आली, अकरातली नऊ सापडली. चार दांड्यांवर ठेवला तर १७ नावं, आठ सापडली. म्हणजे एक मूल जास्त सापडायला चौदा घरं जास्त. घरी जाणारे आम्ही दोघंच, मी आणि मराठीचे सर. शाळा सुटल्यावर, त्यांच्या मोटरसायकलवर, आठवड्यात चार घरं होतात. वाड्यावस्त्यांवर जायचं तर तीनच. १७ नावं म्हणजे चार-साडेचार आठवडे, ३१ म्हणजे दोन महिने, तोवर दिवाळी संपलेली. मला ते एक मूल सोडायचं नव्हतं. पण ३१ च्या यादीत ते कितव्या नंबरावर असेल हे माहीत नसताना त्याच्या घरी आम्ही वेळेत पोचलो असतो, असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नव्हते. चार दांड्यांवर थांबले. टक्केवारीच्या कुठल्या तत्त्वातून हा आकडा आलेला नाही, तो मोटरसायकलीवरून आलाय.

एक चूक मात्र मी जवळजवळ नियमात घालून बसले होते. "गुण घसरले" हे मी स्वतःच्या आधीच्या सरासरीशी तुलना करून मोजत होते, पहिल्या चार चाचण्या विरुद्ध शेवटच्या तीन, २० टक्के खाली आले की घसरण. बहुपदींची चाचणी त्या शेवटच्या तिनात होती आणि ती मी जरा अवघड काढली होती. अख्खा वर्ग घसरला! घसरलेल्यांत चांगली मुलंही होती, पेपर काढणारी मीच घसरले होते म्हणा. त्यामुळे आता वर्गाची सरासरी जितकी खाली आली तितकी आधी वजा करते आणि मग मुलाची घसरण बघते.

शेवटी पत्रकात जे बसलं ते असं. H ते AA या वीस रकान्यांत शेवटचे वीस दिवस, AB ते AD मध्ये शेवटच्या तीन चाचण्या, AH मध्ये आधीच्या चाचण्यांची टक्केवारी, आणि AJ1 मध्ये वर्गाची घसरण.

```
AE2: =COUNTIF(H2:AA2,0)
AF2: =COUNTBLANK(AB2:AD2)
AG2: =IFERROR(AVERAGE(AB2:AD2)*10,0)
AI2: =IF(AE2>=8,"भेट",IF(AND(AE2>=4,OR(AF2>=2,AG2<35,AH2-AG2-$AJ$1>=20)),"भेट",""))
```

वाचायचं असं: वीस दिवसांत आठ दांड्या झाल्या, तर काही न विचारता भेट. चार ते सात असतील तर तीनपैकी एक गोष्ट हवी: दोन चाचण्या बुडवलेल्या, किंवा अलीकडची सरासरी पस्तीसच्या खाली, किंवा वर्गापेक्षा वीस टक्के जास्त घसरण. COUNTIF फक्त लिहिलेलं शून्य मोजतं, कोरी चौकट मोजत नाही, म्हणून उशिरा प्रवेश घेतलेल्या मुलाच्या आधीच्या दिवसांवर अन्याय होत नाही.

वीस दिवस कुठले हेही ठरवावं लागलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या वर्गात निम्मी मुलंही नसतात. असे दिवस धरले तर वीसातल्या दोन-तीन दांड्या सगळ्यांच्याच नावावर चढतात आणि यादी फुगते. म्हणून ज्या दिवशी निम्म्याहून कमी वर्ग आला, तो दिवस वीसात घेतच नाही. मागची आणखी दोन वर्षं जोडून नियम पक्का करावा असं सरांनी सुचवलं होतं, पण २०२०-२१ मध्ये बराच काळ शाळाच बंद होत्या आणि २०२१-२२ मध्ये ऑक्टोबरच्या अखेरीपासून एसटीचा संप चालला. एसटीने येणारं मूल घरी बसलं म्हणजे ते शाळा सोडतंय, असं त्या हजेरीपटावरून शिकलो असतो तर नियम कायमचा वेडा झाला असता. तेव्हा एकाच वर्षावर भागवलं. एका वर्षावर आणि अकरा मुलांवर बेतलेला नियम किती नाजूक असतो याची मला कल्पना आहे. एखाददुसरं मूल इकडचं तिकडे झालं की आकडे हलतात. म्हणून पस्तीसचं छत्तीस करून बघणं, मग अडतीस करून बघणं, असले खेळ मी मुद्दाम केले नाहीत. त्या अकरांना नेमका बसेल असा नियम शिवता आला असता, पण तो पुढच्या वर्षीच्या मुलांच्या अंगाला बसला नसता.

या नियमातून तीन मुलं निसटली, त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं.

दोन मुलगे ऊसतोड कामगारांच्या घरचे. एकाच्या वीस दिवसांत एक दांडी, दुसऱ्याच्या तीन. दसऱ्यापर्यंत दोघंही नीट शाळेत आणि दिवाळीनंतर थेट पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्या तरी फडावर. हे त्यांच्या हजेरीत दिसणारच नव्हतं, कारण जाण्याचं कारण शाळेत घडत नव्हतं. मुकादमाकडून उचल पावसाळ्यातच घेतलेली असते, कोयता कुठल्या कारखान्याला जाणार हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त आमच्या पत्रकाला ठाऊक नसतं. आमच्याकडचं हंगामी वसतिगृह आठवीपर्यंतच्या मुलांना घेतं. नववीतल्याला मागे ठेवायचं तर आजी किंवा चुलता लागतो. आता ऑगस्टमध्येच वर्गशिक्षक प्रत्येकाला विचारतात, "यंदा घरचं कोण जाणार, तू कुणाकडे राहणार?" ज्याला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, त्याचं नाव वेगळ्या कागदावर लिहितात. त्याला सूत्र नाही आणि लागतही नाही.

तिसरी मुलगी. दांडी एक, शेवटच्या तिन्ही चाचण्यांत नऊ गुण. जानेवारीत तिचं लग्न लावलं. आम्हाला कळलं तेव्हा आठवडा उलटला होता. तिच्या ओळीकडे मी खूप वेळ बघत बसले होते, कुठे काही इशारा होता का म्हणून. नव्हता. ही ओळ मी दर वर्षी पत्रकाच्या तळाशी ठेवते, सूत्राच्या रकान्यात काहीही न येणारी.

जून २०२३ पासून नियम खरोखर वापरायला घेतला. पहिले चार आठवडे वीस दिवसच पुरे होत नाहीत, आणि तुलनेला आधीच्या चाचण्याही हव्यात, त्यामुळे पहिली यादी ऑगस्टच्या मध्यावर निघाली. दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी ती काढते. तिला आम्ही "भेट यादी" म्हणतो. सुरुवातीला माझ्या तोंडात "धोक्याची यादी" होतं, पण एका मुलाने स्टाफरूमच्या दारात ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच्या शेजारच्याला "धोका" हे नाव पडलं. तेव्हापासून नाव बदललं, आणि यादी कपाटात, वर्गाच्या भिंतीवर नाही.

पहिल्याच महिन्यात दोन दुरुस्त्या कराव्या लागल्या. एका वस्तीवरची पाच नावं एकदम आली. चौकशी करता कळलं, ओढ्याचं काम चालू असल्यामुळे सकाळची गाडी आठवडाभर त्या फाट्यावर येतच नव्हती. दांड्यांच्या तारखा बघितल्या असत्या तर जागेवर बसूनच कळलं असतं, पाचही जणांच्या तारखा तंतोतंत सारख्या होत्या. आता एका वस्तीतली तीनहून जास्त नावं आली की आधी तारखा ताडून बघते. दुसरी दुरुस्ती अशी, की एका मुलीचं नाव एका शनिवारी यायचं, पुढच्याला जायचं, परत यायचं. तिच्या दांड्या तीन आणि चार यांच्यात झुलत होत्या. सर विचारायचे, "मग जायचं का नाही?" आता एकदा आलेलं नाव, दांड्या सलग दोन शनिवार दोन किंवा त्याहून कमी झाल्याशिवाय काढत नाही.

भेटीत काय बोलायचं हे मात्र सूत्र थोडंफार सांगतं. हजेरीमुळे आलेलं नाव असेल तर आम्ही घरच्यांशी बोलतो, कामाचं, शेळ्यांचं, धाकट्या भावंडाला सांभाळण्याचं. चार दांड्या आणि पडलेले गुण असं असेल तर बहुतेक वेळा मूल आमच्याचपासून पळत असतं. एक मुलगा चाचणीच्या शनिवारी हमखास घरी राहायचा. त्याच्या आईला वाटायचं शनिवारी शाळा नसते.

दिवाळीपर्यंत यादीत २३ नावं येऊन गेली. वर्ष संपलं तेव्हा त्यातली चार मुलं गेली होती, १९ राहिली. यादीत नसलेली दोन गेली. हेडसरांनी बैठकीत विचारलं, "म्हणजे बाई, तेवीसमधली एकोणीस नावं चुकलीच ना?" प्रश्न वावगा नव्हता. पण त्या सगळ्यांच्या घरी आम्ही जाऊन आलो होतो. जे मूल आमच्या जाण्यामुळे राहिलं आणि जे नाहीतरी राहणारच होतं, ते हजेरीपटात सारखंच दिसतं. नियम वापरायला लागलं की तो बरोबर होता का, हे निकालावरून मोजता येत नाही. आणि "गेल्या वर्षी १३ गेली, यंदा सहाच" हे वाक्यही मी कुणाला म्हणू दिलं नाही. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला होता, त्या वर्षी घरांचे हिशेब वेगळे होते.

त्याऐवजी मी भेटीची वही ठेवली. प्रत्येक घरातून परत आल्यावर एकच गोष्ट लिहायची: शाळा सुटण्याजोगं काही कारण तिथे सापडलं का? २३ पैकी १४ घरांत सापडलं. वडिलांचा अपघात, मोबाइलच्या दुकानातलं काम, आई आजारी म्हणून स्वयंपाक मुलीवर. नऊ घरांत काही नव्हतं, टायफॉइड, मामाचं लग्न, एकाची सायकल मोडलेली. सायकलवाल्याचं नाव कुठल्या रकान्यात टाकायचं यावर सरांचं आणि माझं अजून एकमत नाही. दुरुस्तीला पैसे नसल्यामुळे तो सहा दिवस आला नव्हता.

यंदा इंग्रजीच्या मॅडमनीही शनिवारची चाचणी सुरू केलीय, त्यामुळे शेवटच्या तिनाऐवजी सहा चौकटी झाल्यात आणि "दोन कोऱ्या" ही खूण "चार कोऱ्या" करावी का, यावर मी अडलेय. तेवढ्यात मुलांनी नियम ओळखला. दोन चाचण्या बुडवल्या की बाई घरी येतात, हे त्यांना कळलंय. गेल्या शनिवारी एका मुलाने पेपरवर नाव, हजेरी क्रमांक आणि तारीख स्वच्छ अक्षरात लिहिली, पाच मिनिटं बसला आणि कोरा कागद देऊन निघून गेला. त्याच्या चौकटीत मला शून्य लिहावं लागलं. दांड्या त्याच्या तीन आहेत.